घातांक खाली का उतरतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं फर्स्ट पीयूसीला आली की गणिताचं पुस्तक इंग्रजीतून हातात पडतं. त्यात डेरिव्हेटिव्ह, म्हणजे अवकलज, येतो आणि ट्युशनमध्ये एक मंत्र मिळतो : घात खाली आणायचा, वरचा एकाने कमी करायचा. x³ चा 3x², x⁷ चा 7x⁶. गणितं पटापट सुटतात. मग ‘मूळ व्याख्येवरून सिद्ध करा’ असा प्रश्न येतो आणि पान कोरं राहतं. मंत्र चुकीचा नाही, पण तो कुठून आला हे कळलं तर पाठ करायची गरजच उरत नाही.

मूळ व्याख्या एवढीच. x थोडा वाढवून x+h करा, फलाच्या, म्हणजे फंक्शनच्या, किमतीत किती वाढ झाली ते बघा, त्या वाढीला h ने भागा आणि h शून्याच्या जवळ नेत गेल्यावर हा भागाकार कुठे स्थिरावतो ते शोधा.

घराशेजारी 2 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि खोल असा पाण्याचा हौद आहे असं धरू. त्यात 8 घनमीटर, म्हणजे 8000 लिटर पाणी मावतं. आता तिन्ही मापं 10 सेंटीमीटरने वाढवली. 2.1 चा घन 9.261, म्हणजे 1261 लिटर जास्त मावेल. हे कुठून आले? हौदाच्या तीन बाजूंना 2 × 2 × 0.1 मापाच्या तीन लाद्या चिकटल्या, त्यांचे 1200 लिटर. लाद्यांच्या सांध्यांत 2 × 0.1 × 0.1 मापाच्या तीन दांड्या बसल्या, त्यांचे 60. कोपऱ्यात 10 सेंटीमीटरचा चिमुकला ठोकळा, त्याचा 1 लिटर. वाढ 10 ऐवजी 1 सेंटीमीटर केली तर लाद्यांचे 120 लिटर होतात, पण दांड्यांचे फक्त 0.6 आणि ठोकळ्याचा एक मिलिलिटर. लाद्या दहापट घटल्या, दांड्या शंभरपट, ठोकळा हजारपट.

वाढीला h ने भागलं की 12 + 6h + h² मिळतं : आधी 12.61, मग 12.0601. या 12 मधला 3 लाद्यांचा आणि 4 एका लादीच्या क्षेत्रफळाचा. तोच आपला 3x².

आता घात 3 ऐवजी कुठलीही धन पूर्ण संख्या n घेऊ. (x+h)ⁿ म्हणजे (x+h) हा कंस n वेळा गुणलेला. गुणाकार उलगडताना प्रत्येक कंसातून एकच अक्षर उचलायचं, x किंवा h. सगळीकडून x उचलला तर xⁿ, आणि हे एकाच प्रकारे घडतं. नेमक्या एका कंसातून h उचलायचा तर तो कंस निवडायच्या रीती n, म्हणून nxⁿ⁻¹h. उरलेल्या प्रत्येक पदात h किमान दोनदा आहे. n = 5 असेल तर एकूण 32 गुणाकार : एक x⁵, पाच x⁴h आणि बाकीचे 26. xⁿ वजा झाला, h ने भागलं, की nxⁿ⁻¹ तेवढा h पासून सुटतो. बाकीच्या पदांत h शिल्लक आहे आणि ती पदं मोजकी आहेत, म्हणून त्यांची बेरीजही h बरोबर शून्याकडे जाते. खाली उतरलेला n म्हणजे कंस निवडायच्या रीतींची संख्या.

इथे एक शंका रास्त आहे. भागताना h शून्य नव्हता, मग शेवटी शून्य कसा? 1734 मध्ये बिशप बर्कलीने न्यूटनच्या अनुयायांना याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. उत्तर असं की h ला शून्य करायचंच नाही. 12 पासूनची तफावत 0.001 पेक्षा कमी हवी? h धन आणि 0.0001 पेक्षा लहान ठेवा, 6h + h² त्याच्या आतच राहतं. तुम्ही कितीही बारीक तफावत मागा, पुरेसा लहान h सापडतो. ‘सीमा 12’ याचा अर्थ एवढाच. भागण्याआधीच h = 0 घातलं तर 0/0 येतं आणि गणित तिथेच अडतं.

‘कॅल्क्युलस भास्कराचार्यांचं, न्यूटनने चोरलं’ असे फॉरवर्ड आपल्याकडेही फिरतात. 1150 च्या सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार आहे, ज्येतील, म्हणजे साइनमधला, फरक कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या, प्रमाणात असतो हेही आहे. ते थोरच. पण वरची सीमेची व्याख्या त्यात नाही, आणि चोरीला तर पुरावाच नाही.

घात अर्धा असेल तर मात्र कंस मोजायची युक्ती चालत नाही, अर्धा कंस कुठून आणणार? तिथे √(x+h) − √x ला √(x+h) + √x ने गुणायचं आणि भागायचं. वर फक्त h उरतो, तो खालच्या h शी कटतो आणि सीमा 1/(2√x) येते. मंत्रही हेच सांगतो. पण x = 0 ला भागाकार 1/√h होतो : h = 0.01 ला 10, h = 0.0001 ला 100. तो कुठे थांबतच नाही, म्हणून तिथे अवकलज नाही.