फेसाने डाग निघत नाही

नळावरचे पांढरे डाग घालवायचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. खायचा सोडा घ्या, वर व्हिनेगर ओता, फसफसून फेस येईल आणि नळ चकाचक! फेस येतो हे खरं. पण तो डागातून नाही, सोड्यातून येतो. आणि येता येता डाग काढणारं ॲसिडच संपवून टाकतो.

मुळात हा डाग म्हणजे काय, ते पाहू. जमिनीत मुरताना पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं आम्लधर्मी होतं आणि खडकातला कॅल्शियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात सोबत आणतं. म्हणून बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत डाग फार, तर तलावांच्या पाण्यावरच्या मुंबईत त्या मानाने कमी. थेंब नळावर वाळतो तेव्हा ही क्रिया उलटी होते:

Ca(HCO₃)₂ → CaCO₃ + H₂O + CO₂

पाणी आणि वायू निघून जातात, मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. डाग कडेला जास्त गडद दिसतो, कारण थेंबाची कड जागची हलत नाही आणि बाष्पीभवन तिथेच जास्त होतं. ती झीज भरून काढायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि क्षार तिथे नेऊन टाकतं. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला काळा होतो त्याचं हेच स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 मध्ये दिलं.

ही चुनखडी साबणाने जात नाही, ती ॲसिडने विरघळते. 1 ग्रॅम कार्बोनेटला 1.2 ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागतं, म्हणजे 4 टक्क्यांचं व्हिनेगर साधारण 30 मिलिलिटर. आता सोड्याचा हिशोब बघा. चहाचा एक चमचा, अंदाजे 5 ग्रॅम, सोडा तसल्या व्हिनेगरचे जवळपास 90 मिलिलिटर गिळून टाकतो. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि त्याने चुनखडीचं काहीही वाकडं होत नाही. व्हिडिओतला नळ चमकतो तो बहुधा चोळल्यामुळे.

त्यामुळे व्हिनेगर एकटंच वापरा. वास नको असेल तर चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, 100 मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा. ताकद जवळपास तेवढीच मिळते. खरी अडचण वेगळी आहे. उभ्या किंवा वळणदार पृष्ठभागावरून द्रव ओघळून जातो आणि ॲसिडला तर डागाजवळ वेळ हवा. टिश्यू पेपर किंवा जुनं सुती फडकं भिजवून नळाभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि 15 ते 20 मिनिटांनी काढा. जुन्या टूथब्रशने हलकेच घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा. पापुद्रा जाड असेल तर तेच फडकं तासन्‌तास ठेवण्यापेक्षा नव्या द्रावणात भिजवून पुन्हा गुंडाळा. पहिल्यातलं बरंचसं ॲसिड खर्च झालेलं असतं, आणि क्रोमचा थर कुठे उडालेला असेल तर खालच्या निकेल-पितळेवर उरलेलं ॲसिड उगाच काम करत राहतं. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढता येते; ती वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. बारीक बुडबुडे दिसले तर क्षार विरघळतोय असं समजा. सोनेरी किंवा काळा थर दिलेल्या नळांवर मात्र हे सगळं टाळा.

काचेच्या पार्टिशनवर क्षारासोबत साबणही असतो. कॅल्शियम आणि साबणाचा मेणकट थर ॲसिडला खाली पोचू देत नाही. म्हणून आधी भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाण्याने काच धुवा, मग भिजवलेले टिश्यू चिकटवा. ॲसिडनंतर थोडा मेणकटपणा उरतोच, कारण साबणातली फॅटी ॲसिडं सुटी होतात पण पाण्यात विरघळत नाहीत. पुन्हा एकदा लिक्विडचा हात फिरवावा लागतो.

हे काम करताना खाली लक्ष असू द्या. शहाबादी आणि कडप्पा हे स्वतःच चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा. त्यांच्यावर व्हिनेगर ठिबकलं की चकाकी गेलीच. खाली ओला टॉवेल अंथरा आणि ठिबकलेलं लगेच धुवा. ब्लीच किंवा ब्लीचवाला क्लीनर त्याच दिवशी जवळही आणू नका, ॲसिडशी मिसळला की विषारी क्लोरीन सुटतो. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड झटपट काम करतं, पण क्रोमही खातं.

आणि नळाच्या पाइपवर चुंबक बसवून ‘पाणी मऊ’ करून देणाऱ्यांना एकच विचारा: त्या पाण्यातला कॅल्शियम गेला कुठे?

दोन-तीन वेळा ॲसिड लावूनही काच धुरकटच राहिली तर नखाने चाचपून बघा. खरखरीत लागलं तर क्षार अजून आहे. गुळगुळीत लागलं आणि तरी ढगाळ दिसत असेल तर तो सिलिकाचा थर असेल, नाहीतर वर्षानुवर्षांच्या पाण्याने काचच झिजलेली असेल. दोन्हींवर व्हिनेगर चालत नाही. तिथे काचवाल्याकडून सिरियम ऑक्साइडने पॉलिश करून घ्यावं लागतं.