अ‍ॅपनं 'कच्चा' म्हटलं म्हणजे कच्चाच?

"शाळेतल्या गणिताच्या सराव अ‍ॅपनं मुलाला भागाकारात कच्चा ठरवलंय. मशीन थोडंच चुकतंय? आता भागाकारच जास्त घ्यायचा ना?"

थांबा. अ‍ॅपला फक्त उत्तर दिसतं, त्यामागचं कारण दिसत नाही. समजा, 'भागाकार येतो' याची शक्यता त्यानं 40 टक्के धरली, येत असून चुकण्याची 10 आणि अंदाजानं बरोबर येण्याची 25. या हिशेबानं एका चुकीनंतर 40 चे थेट 8 टक्के होतात! लगेच सोपी गणितं सुरू.

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. '96 चादरींचे 8 समान गठ्ठे केले, तर प्रत्येकी किती?' इथं मूल 'प्रत्येकी'वर अडतं आणि खापर भागाकारावर फुटतं.

म्हणून कागदावर आधी नुसतं 96 ÷ 8 द्या, मग तेच शाब्दिक उदाहरण. अशा चार-पाच जोड्या पुरेत. नुसती गणितं बरोबर आणि शाब्दिक चुकत असतील, तर अडचण बहुधा भाषेची आहे. बाईंना टक्केवारीऐवजी प्रश्ननिहाय अहवाल उघडायला सांगा. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथंच आहे, कारण चाळीस वह्यांतून हे शोधणं फार अवघड. मग त्या घटकाची पातळी हातानं बदलून घ्या. नाहीतर सोप्याच गणितांवर मूल महिनाभर अडकून पडतं.