नव्वद नंबर की यूटीटीओ? ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरमध्ये कोणतं तेल

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर डिसेंबरात माझ्याकडे आला. तक्रारी दोन होत्या. सकाळच्या थंडीत लिफ्ट उचलायला वेळ लागायचा आणि पंप रडल्यासारखा आवाज करायचा. दुपारी लिफ्ट सुधारायची, पण भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर ब्रेक दाबला की मागून गुरगुर ऐकू यायची आणि सीटखाली सगळं थरथरायचं. गावातल्या मेकॅनिकने पंप बदलायचा आणि ब्रेक खोलायचे, असे दोन वेगळे खर्च सांगितले होते.

मी डिपस्टिक काढली आणि वास घेतला. गंधकाचा उग्र, कुजकट दर्प आला. तेल बोटांत धरून ताणलं तर चिकट तार निघत होती. विचारल्यावर कळलं, की दिवाळीआधी तेल बदलताना दुकानातून ‘गिअरचं तेल’ मागितलं होतं आणि नव्वद नंबर मिळालं होतं.

“गिअरबॉक्स आहे, तर गिअर ऑइलच टाकणार ना?” ते म्हणाले.

प्रश्न रास्त आहे. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये तेच टाकतात. पण आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चेंबरला गिअरबॉक्स म्हणणं अपुरं आहे. त्यात गिअर आहेत, डिफरन्शियल आहे, लिफ्टचा पंप त्यातूनच तेल ओढतो आणि ‘ऑइल ब्रेक’ असतील तर ब्रेकच्या डिस्कही त्याच तेलात बुडालेल्या असतात. बऱ्याच मॉडेलांत हे तेल ३० ते ५० लिटरच्या आसपास लागतं आणि ते सगळीकडे एकच असतं. त्यासाठी बनवलेल्या तेलाला यूटीटीओ म्हणतात: युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल. दुकानात त्याला नुसतं ‘हायड्रोलिकचं तेल’ किंवा ‘ऑइल ब्रेकचं तेल’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी लिफ्टचं बघू, कारण ते सोपं आहे. ४० अंशांना नव्वद नंबरचं तेल यूटीटीओच्या साधारण तिप्पट जाड असतं. निफाडच्या थंडीत ही तफावत आणखी वाढते. पंप तेल ढकलतो जोरात, पण त्याला ते आधी जाळीतून ओढून घ्यावं लागतं. तेल काकवीसारखं जाड झालं की पंपाला पुरेसं मिळत नाही, आत पोकळ्या तयार होतात, त्या दाबाखाली फुटतात आणि तोच रडका आवाज येतो. दुपारपर्यंत तेल तापून पातळ होतं म्हणून लिफ्ट बरी वाटते. पंप मात्र रोज सकाळी थोडा थोडा झिजत असतो.

इथे डब्यावरचे आकडे फसवतात. यूटीटीओच्या एका डब्यावर ८०डब्ल्यू लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १०डब्ल्यू-३०. दोन्ही तेलं जवळपास सारख्याच जाडीची असतात. गिअर तेलाची आणि इंजिन तेलाची मोजपट्टी वेगळी आहे, एवढंच.

खरी मेख ब्रेकमध्ये आहे. ऑइल ब्रेकमध्ये अस्तर लावलेल्या डिस्क आणि पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. पेडल दाबलं की त्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि मधलं तेल खाचांतून बाहेर पिळलं जातं. जाड तेल पिळायला वेळ लागतो, म्हणून पहिला क्षण ब्रेक पोकळ लागतो. पुढे चाक हळू होत जातं तेव्हा घर्षण अचानक वाढलं तर डिस्क चिकटते, सुटते, परत चिकटते. हे सेकंदाला अनेकदा घडतं आणि आपल्याला ते गुरगुर म्हणून ऐकू येतं. यूटीटीओमध्ये घर्षण आवरणारी रसायनं असतात. त्यांचा अतिशय पातळ थर धातूवर बसतो, त्यामुळे डिस्क थांबता थांबता धरते, पण झटका देत नाही. रसायन कमी पडलं तर ब्रेक ओरडतो, जास्त झालं तर घसरतो. हा तोल सांभाळणं हेच यूटीटीओ बनवण्यातलं अवघड काम. (एके काळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे. १९७०च्या सुमारास बंदी आल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला.)

साध्या गिअर तेलात हा तोल साधलेलाच नसतो. त्याची रसायनं गंधक आणि फॉस्फरसची असतात, दाताला दात घासून तापला की तिथे संरक्षक थर तयार करणारी. ही मात्रा गिअर तेलाच्या जीएल-५ या दर्जामध्ये सर्वांत जास्त असते. तेल तापलं की तीच रसायनं पितळ आणि ब्राँझला खाऊ लागतात, आणि पंपाच्या बुशी किंवा काही ब्रेक डिस्कचं अस्तर त्याच धातूंचं असतं. म्हणून ‘जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारी’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

मग पातळ यूटीटीओ गिअरना पुरेल का, ही शंका प्रत्येक जण काढतो. ट्रक-जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये पिनियन बऱ्याचदा क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर लांबवर घसरतात आणि त्यांना जीएल-५ लागतं. ट्रॅक्टरमध्ये क्राऊन-पिनियन सहसा मध्यरेषेवरच असतात, घसरण कमी असते. यूटीटीओचं गिअर-संरक्षण साधारण जीएल-४ च्या तोडीचं असतं आणि तिथे ते पुरतं.

पण उलटी चूकही करू नका. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्समध्ये ना पंप असतो ना ब्रेक. तिथे कंपनी सांगेल ते ९० किंवा १४० नंबरच हवं, यूटीटीओ तिथे पातळ पडतं. फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा ॲक्सल मॉडेलनुसार बदलतो, म्हणून पुस्तिका बघावी. आणि कोरडे ब्रेक असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मागच्या चेंबरला ९० नंबर दिलेलं आढळलं तर ते चूक नाही. गावातली सवय तिथूनच आली आहे, फक्त ब्रेक तेलात गेले आणि सवय तीच राहिली.

निफाडच्या ट्रॅक्टरचं असं केलं. अर्धा तास चालवून तेल गरम केलं, मग मधला आणि दोन्ही चाकांकडचे फायनल ड्राइव्हचे ड्रेन प्लग उघडले, कारण तिथे अडकलेलं तेल मधल्या प्लगमधून निघत नाही. फिल्टर बदलला, जाळी धुतली. पुस्तिकेत लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच यूटीटीओ भरलं. डब्यावर नुसतं ‘ट्रॅक्टर ऑइल’ असेल आणि स्पेसिफिकेशन नसेल, तर तो डबा घेऊ नये. लिफ्ट पूर्ण खाली करून, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून माप घेतलं. आठ-दहा तास काम झाल्यावर ते तेलही काढून टाकलं, कारण आत उरलेलं नव्वद नंबर त्यात मिसळलेलं होतं. चाळीस लिटर दोनदा भरायचं म्हणताच मालकाचा चेहरा उतरला होता.

लिफ्ट पहिल्याच सकाळी सुधारली आणि पंप वाचला. डाव्या चाकाचा ब्रेकही शांत झाला. उजवा मात्र ओरडतच राहिला. खोलल्यावर दिसलं, की त्याच्या डिस्कचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. त्या बाजूचा सेट बदलावाच लागला.