अरुंद झडप आणि गरोदरपणातले वाढते रक्त

एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे डॉक्टर मिशेल पीटर यांनी हृदयरोगी स्त्रियांसाठी एक कडक नियम सांगितला होता: मुलीने लग्न करू नये, लग्न झालेलीने गरोदर राहू नये आणि आई झालेलीने अंगावर पाजू नये. आज हा नियम क्रूर वाटतो. पण संधिवाती तापाने झडप आकसलेल्या स्त्रीला देण्याजोगे तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हतेच. 1878 मध्ये एडिंबरोच्या अँगस मॅकडोनाल्ड यांनी अशा गरोदर स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून पुस्तक लिहिले. त्यात मृत्यू बरेच होते. 1921 मध्ये जेम्स मॅकेन्झी यांचेही पुस्तक आले. गरोदरपणात निरोगी बाईलाही धाप लागते, तेव्हा कोणती धाप नेहमीची आणि कोणती हृदय हरत चालल्याची, हे ओळखायला त्यांनी शिकवले.

ही धाप येते कुठून? गरोदरपणाच्या सहाव्या-आठव्या आठवड्यापासून रक्त वाढू लागते आणि साधारण बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ते 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असते. त्यात प्लाझ्मा जास्त वाढतो, तांबड्या पेशी कमी. म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरते. हृदय मिनिटाला 30 ते 50 टक्के जास्त रक्त ढकलते आणि नाडीचे ठोकेही 10 ते 20 ने वाढतात. निरोगी हृदय हे सहज निभावते, कारण त्याच वेळी शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. गळकी झडप असलेल्या बाईलाही या सैलपणाचा फायदा मिळतो, रक्त उलट फिरण्याऐवजी पुढे जाते. अरुंद झडपेला मात्र असा कोणताच दिलासा नाही.

हे आकड्यांत मांडण्याची सोय 1951 मध्ये झाली. अमेरिकेतल्या गोरलिन पितापुत्रांनी झडपेचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले. त्याचा गाभा असा: अरुंद भोकातून प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. एक नमुना घेऊ. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून, म्हणजे कर्णिकेतून, खालच्या जवनिकेत रक्त सोडणारी मायट्रल झडप एरवी 4 ते 6 चौरस सेंमी उघडते. आपल्या नमुन्यातल्या बाईची 1.2 उघडते. गरोदर नसताना मिनिटाला 5 लिटर रक्त, आणि सगळे ठोके मिळून झडप उघडी राहण्याचा वेळ मिनिटात सुमारे 35 सेकंद. सूत्रानुसार झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाऱ्याच्या 10 मिमीच्या आसपास येतो. जिना चढताना थोडे दमायला होते, एवढेच. आता सातवा-आठवा महिना: 7 लिटर रक्त, नाडी शंभरच्या घरात, आणि उघडा वेळ 30 सेकंदांवर. फरक 26 मिमीवर जातो. त्यात डाव्या जवनिकेचा स्वतःचा दाब 5 धरला तर डाव्या कर्णिकेतला दाब 31 होतो. साधारण 25 च्या पुढे फुफ्फुसात पाणी उतरू लागते. वाढलेल्या प्रवाहाने घात केलाच, पण गमावलेल्या पाच सेकंदांनीही त्यात मोठी भर घातली. औषधाने नाडी आवरून पुन्हा 35 सेकंद मिळवले, तर त्याच 7 लिटरला फरक 19 वर येतो, म्हणजे कर्णिकेत 24. बीटा-ब्लॉकरची गोळी इतकी उपयोगी का पडते, ते इथे दिसते. ताप आला किंवा नाडी अनियमित झाली की तीच बाई एका रात्रीत का बिघडते, तेही. रात्री आडवे पडवत नाही, उशा वाढतात, खोकला येतो, या खुणा ‘दिवस भरत आले, होणारच’ म्हणून सोडून द्यायच्या नसतात.

1948 नंतर डाव्या कर्णिकेतून बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया रुळली. पुढच्या दशकात गरोदर स्त्रियांवरही ती होऊ लागली. भारतात वेल्लोरसारख्या केंद्रांनी ती हजारो रुग्णांवर केली. 1984 मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी बलूनची पद्धत प्रसिद्ध केली आणि छाती न उघडता, पोटावर शिशाचे आवरण ठेवून, काम होऊ लागले. झडपेवर चुना फार साचला असेल किंवा कर्णिकेत रक्ताची गाठ असेल तर मात्र बलून चालत नाही.

बाळंतपणाचे तास वेगळेच. प्रत्येक कळेसोबत गर्भाशयातून 300 ते 500 मिली रक्त अभिसरणात येते. बाळ बाहेर आले की महाशिरेवरचा भार हटतो, रक्त हृदयाकडे धावते. म्हणून फुफ्फुसात पाणी होण्याचा मोठा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत असतो. ‘आता सुटली’ असे घरच्यांना वाटते तेव्हाच.

याहून वाईट एकच गट म्हणता येईल: फुफ्फुसातल्या धमन्यांचा दाब कायमचा चढलेला, विशेषतः आयझेनमेंगर, म्हणजे हृदयातल्या जन्मजात छिद्रामुळे हा दाब चढून छिद्रातले रक्त उलट दिशेने वाहू लागलेले. तिथे वाहिन्यांचा तो सैलपणाच उलटतो, आणि निळे रक्त छिद्रातून थेट शरीरात जाते. जुन्या नोंदींत अशा मातांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त दगावल्या आहेत. आजच्या सुधारित डब्ल्यूएचओ वर्गवारीत हा आजार चौथ्या, म्हणजे गरोदरपण टाळावे अशा गटात आहे. तीव्र मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे फार अरुंद झालेली मायट्रल झडप, महाधमनीच्या तोंडावरच्या झडपेचे लक्षणे असलेले तीव्र एओर्टिक स्टेनोसिस, 30 टक्क्यांखालचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे जवनिकेतले 30 टक्क्यांहून कमी रक्त एका ठोक्यात बाहेर पडणे, आणि मार्फन या जोडऊतींच्या जन्मजात आजारात 45 मिमीच्या पुढे फुगलेली महाधमनी हेही त्यातच. त्यांतली मायट्रल झडप गर्भधारणेआधी बलूनने मोकळी करता आली, तर ती स्त्री बहुधा या गटातून बाहेर पडते. आयझेनमेंगरसाठी अजून तशी सोय नाही.