सरासरी ६० एफपीएस: बेंचमार्कच्या पट्ट्यांमागचा इतिहास

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडच्या बाजूला कॉम्प्युटर असेंबल करायला गेलं, की कोटेशनबरोबर हल्ली मोबाइलवर एक तक्ताही दाखवतात. आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीशेजारी ग्राफिक्स कार्डाचं नाव आणि टोकाला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम किंवा चित्रं दिसतात याचा, एक आकडा. लांब पट्टी चांगली, आखूड वाईट, एवढ्यावर तीस-चाळीस हजारांची खरेदी ठरते. टोकाचा तो आकडा मोजायची पद्धत गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलली आहे, आणि दर वेळी बदलण्यामागे कुणाची तरी पकडली गेलेली लबाडी किंवा लक्षात आलेली उणीव होती.

सुरुवात १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेक’ या गेमपासून धरायला हरकत नाही. त्याच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक सोय होती. आधी रेकॉर्ड करून ठेवलेला खेळ मशीनला झेपेल तितक्या वेगाने पुन्हा चालवायचा, आणि शेवटी एकूण फ्रेम भागिले लागलेले सेकंद असं उत्तर घ्यायचं.

```
timedemo demo1
```

हा डेमो ९६९ फ्रेमचा. तो १९ सेकंदांत संपला तर उत्तर ५१ एफपीएस. प्रत्येक मशीनवर तोच खेळ, त्याच फ्रेम, त्याच क्रमाने, त्यामुळे तुलना न्याय्य होती. गेमच्या माहितीत प्रत्येक फ्रेमची नोंद असली तरी बाहेर मात्र एकच सरासरी यायची. कार्डाची ओळख एका आकड्याने करून द्यायची सवय अशी लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.

सगळ्यांची परीक्षा एकाच ठरलेल्या प्रश्नपत्रिकेवर होणार असेल, तर पाठांतर करून येणारे निघणारच. २००१ मध्ये एटीआयच्या रेडिऑन ८५०० कार्डाबाबत हे उघड झालं. परीक्षकांनी ‘क्वेक ३’ची फाइल quake3.exe या नावावरून quack3.exe अशी केली, बाकी काही बदललं नाही, तरी एफपीएस घसरला. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, गेम नावावरून ओळखत होता आणि ओळख पटली की चित्राचा दर्जा थोडा उतरवून वेग वाढवत होता. २००३ मध्ये पाळी प्रतिस्पर्धी एनव्हिडियाची आली. ‘३डीमार्क ०३’ या चाचणीत कॅमेरा कायम एकाच ठरलेल्या वाटेने फिरतो. त्या वाटेवरून जे दिसणारच नाही ते न रेखाटता सोडून द्यायचं, अशी व्यवस्था ड्रायव्हरमध्ये आढळली. चाचणीच्या एका खास आवृत्तीत कॅमेरा वाटेबाहेर नेला, तेव्हा दृश्यात भगदाडं दिसली. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने पॅच काढला आणि जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी खाली आले. एटीआयचेही थोडे घसरले, पण दोन टक्क्यांच्या आतच.

म्हणूनच आजही गेममधल्या तयार बेंचमार्कच्या आकड्यापेक्षा एखाद्या परीक्षकाने स्वतः खेळून, ठराविक वाटेने धावत मोजलेला आकडा मी जास्त मोलाचा मानतो. त्यात दर फेरीला थोडा फरक पडतो, हे खरं. म्हणून चांगला परीक्षक तीच फेरी निदान तीनदा करतो. दोन कार्डांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक दिसत असेल, तर ती दोन्ही कार्डं सारखीच समजावीत.

पण सगळ्यात मोठा बदल घडला तो लबाडीमुळे नव्हे. सरासरीचीच मर्यादा लोकांना टोचू लागली होती. दोन कार्डं जोडून खेळणारे तेव्हा तक्रार करत, की आकडा ७० दाखवतो, पण खेळताना ३५ वाटतात. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावायचं ठरवलं. सेकंदात किती फ्रेम आल्या, हे मोजण्याऐवजी त्यांनी प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले हे मांडलं.

फरक कळावा म्हणून एकच सेकंद घेऊ. पहिल्या कार्डाने त्यात ६० फ्रेम काढल्या, प्रत्येक सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी. दुसऱ्यानेही ६० काढल्या, पण त्यातल्या ५५ फ्रेम १३ मिलिसेकंदांत आल्या आणि ५ फ्रेमना प्रत्येकी ५७ मिलिसेकंद लागले. ५५ गुणिले १३ म्हणजे ७१५, ५ गुणिले ५७ म्हणजे २८५, बेरीज बरोबर १०००. सरासरी दोघांची ६०. तक्त्यात दोन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या. खेळताना मात्र दुसऱ्या कार्डावर सेकंदात पाच वेळा चित्र अडखळतं, कारण ५७ मिलिसेकंदांचा वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेसतरा फ्रेम. वळण घेताना किंवा नेम धरताना तो झटका हाताला जाणवतो.

इथे गणिताची एक चूक हटकून होते. काही जण प्रत्येक फ्रेमचा एफपीएस वेगळा काढून मग त्यांची सरासरी घेतात. दुसऱ्या कार्डाच्या ५५ फ्रेमचा एफपीएस सुमारे ७७ आणि पाचांचा १७.५, या साठ आकड्यांची सरासरी येते ७२. कार्डाने सेकंदात काढल्या साठच फ्रेम, पण तक्त्यात ते चक्क जिंकतं! एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ, एवढीच रीत बरोबर.

वॉसन यांच्या लेखानंतर मोजमापाची दिशा पालटली. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट हे साधन परीक्षकांना दिलं. त्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी छापली जाते आणि मॉनिटरला जाणारा सिग्नल दुसऱ्या मशीनवर रेकॉर्ड करून त्या पट्ट्या मोजतात. दोन रेडिऑन जोडल्यावर काही फ्रेम पडद्यावर केवळ चारदोन ओळींपुरत्या उमटत होत्या, तरी पूर्ण फ्रेम म्हणून मोजल्या जात होत्या, हे त्यातून कळलं. रेडिऑन बनवणाऱ्या एटीआयला विकत घेतलेल्या एएमडीने त्याच वर्षी ड्रायव्हरमध्ये फ्रेमचं अंतर सारखं राखण्याची सोय आणली. प्रतिस्पर्ध्याच्या साधनाने उघड झालेली उणीव दूर झाली आणि त्याचा फायदा रेडिऑन घेतलेल्या लोकांना झाला.

आज तक्त्यात सरासरीखाली जी छोटी पट्टी असते, ‘वन पर्सेंट लो’ची, ती याच कामातून आली. मिनिटभराच्या चाचणीत ३६०० फ्रेम असतील, तर सर्वांत संथ ३६ फ्रेम घ्यायच्या. पण पुढे पद्धती फुटतात. काही परीक्षक त्या ३६ फ्रेमची सरासरी काढतात, तर काही त्या ३६ जिथून सुरू होतात त्या सीमेवरच्या फ्रेमचा आकडा देतात. पहिल्या पद्धतीचा आकडा साहजिकच खाली येतो. म्हणून एका ठिकाणचा ‘वन पर्सेंट लो’ दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी लावू नये. एकाच तक्त्यातल्या कार्डांमध्येच तुलना करावी. सरासरी ९० आणि ‘लो’ ७० असलेलं कार्ड मी सरासरी १०० आणि ‘लो’ ४५ असलेल्या कार्डापेक्षा केव्हाही पसंत करेन. ‘लो’ इतका खाली गेला असेल, तर त्याचं एक शक्य कारण म्हणजे कार्डाची मेमरी भरलेली असणं. ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येणाऱ्या कार्डांत हे विशेष पाहावं.

२०२२ मध्ये एनव्हिडियाने फ्रेम जनरेशन आणलं आणि खुद्द ‘फ्रेम’ या मापाचाच अर्थ बदलला. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्ड एक फ्रेम अंदाजाने तयार करतं. जानेवारी २०२५ मध्ये याच आधारावर आरटीएक्स ५०७० हे कार्ड आरटीएक्स ४०९० च्या तोडीचं असल्याचं कंपनीने मंचावरून सांगितलं. त्या तुलनेत नवं कार्ड एका खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम टाकत होतं, जुनं फक्त एक. समजा दोन्हींवर पडद्यावर १२० दिसत आहेत. ४०९० वर त्यातल्या ६० खऱ्या असतील, ५०७० वर ३०. बनवलेल्या फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, ते खोटं नाही. पण माउस हलवल्याची दखल खऱ्या फ्रेममध्येच घेतली जाते. शिवाय मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हातात यावी लागते, म्हणून ती थोडी थांबवून धरतात आणि हाताला उशीर आणखी जाणवतो. फ्रेम जनरेशन बंद ठेवून घेतलेल्या चाचण्यांत ५०७० हे आरटीएक्स ४०७० सुपरच्या आसपास निघालं. त्यामुळे कंपनीच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं आधी वाचावीत: तिथे ‘एफजी’, म्हणजे फ्रेम जनरेशन, किंवा ‘एमएफजी’, म्हणजे एकाहून जास्त फ्रेम बनवणारं फ्रेम जनरेशन, चालू असेल, तर ती पट्टी दुसऱ्या कार्डाच्या साध्या पट्टीशेजारी ठेवता येत नाही.

एक प्रश्न तरी उरतोच: आकडा कुणाच्या मशीनवरचा? परीक्षक मुद्दाम सर्वांत वेगवान प्रोसेसर वापरतात, म्हणजे कार्ड सोडून दुसरं काही आड येत नाही. परीक्षा कार्डाची असते, तेव्हा ते योग्यच आहे. आपल्या घरचं मशीन मात्र तसं नसतं. इंदिरानगरच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला जुन्या बी४५० मदरबोर्डवर रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी बसवायचं होतं. २०२२ मध्ये आलेल्या या कार्डाला मदरबोर्डशी बोलायला फक्त चार लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, आहेत. पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ४.० आवृत्तीवर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, पण बी४५० वर ३.० असल्याने निम्मीच. कार्डाची मेमरी ४ जीबी. ती भरली की उरलेला माल रॅममधून याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम अडखळतो. त्याने पाहिलेला तक्ता ४.० च्या बोर्डवरचा होता. ३.० वर मोजलेला तक्ता समोर ठेवल्यावर त्याने ते कार्ड सोडून दिलं.

मग त्याने अधिक ताकदीचं, सोळा लेनचं कार्ड पाहिलं. तक्त्यात त्याच्या आवडत्या गेममध्ये १०८०पीला ११० एफपीएस होते. पैसे भरण्याआधी त्याला घरच्या जुन्या कार्डावरच एक चाचणी करायला सांगितली. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधून ठेवणारी सोय, आणि फ्रेमची मर्यादा बंद करायची, गेममधली एकच वाट १०८०पीला धावायची, मग रिझोल्यूशन ७२०पी करून तीच वाट पुन्हा. मोजायला कॅपफ्रेमएक्स हे फुकट साधन पुरतं. रिझोल्यूशन उतरवल्यावर कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. म्हणजे अडथळा कार्डाचा असता, तर आकडा चांगला वर जायला हवा होता. १०८०पीला आले ५५, ७२०पीला ५७. त्या गेममध्ये त्याचा प्रोसेसरच ५७ च्या पुढे जात नव्हता, आणि ११० ची पट्टी असलेलं कार्डही त्या मशीनवर साठीच्या आसपासच थांबलं असतं. त्याने कार्ड घेतलं नाही. त्याच बी४५० वर बसेल असा आधी प्रोसेसर बदलला.