तार सैल सोडूनही सूर जागेवर कसा येतो?

इलेक्ट्रिक गिटारवर एखादा स्वर छेडायचा आणि ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा जिथे बांधलेल्या असतात त्या भागाला, जोडलेली दांडी हळूहळू गिटारच्या अंगाकडे दाबत न्यायची. स्वर खाली घसरत जातो, एक सप्तक उतरतो, आणखी उतरतो, आणि शेवटी तारा इतक्या ढिल्या पडतात की नुसती फडफड उरते. याला डाइव्ह बॉम्ब म्हणतात. दांडी सोडली की गिटार क्षणात मूळ सुरावर यायला हवी. स्वर खाली नेणं सोपं आहे. अवघड आहे ते हे परत येणं.

दांडी, म्हणजे ट्रेमोलो आर्म, जुनीच आहे. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या गिटारमध्ये अख्खा ब्रिज पुढे-मागे झुलू शकत होता. एका बाजूने तारा त्याला पुढे ओढायच्या आणि गिटारच्या पाठीमागच्या पोकळीत बसवलेल्या स्प्रिंग मागे ओढायच्या. स्वराला हलकी थरथर देण्यापुरती ही रचना सुरेख चालते. जिमी हेंड्रिक्सने १९६० च्या दशकात याच ब्रिजवर तारा पार ढिल्या होईपर्यंत दांडी दाबली आणि त्यातून असे आवाज काढले की पुढच्या पिढीच्या गिटारवादकांना तेच हवे झाले. त्याची किंमत मात्र गिटार मोजायची. एक मोठा डाइव्ह झाला की सूर हललेला असायचा, आणि वाजवता वाजवताच खुंटीला हात घालावा लागायचा.

सूर हलतो तो तार ‘थकते’ म्हणून, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एकदा ओढून नीट बसलेली पोलादी तार या ताणात पूर्णपणे लवचीक असते. जितकी सैल सोडाल तितकी आखडते, आणि पुन्हा तेवढंच अंतर ओढली की अगदी त्याच ताणावर येते. गडबड होते ती तार जिथे जिथे घसरू शकते तिथे. हे घसरणं किती बारीक असतं ते कळलं की पुढची सगळी यंत्ररचना आपोआप उलगडते, म्हणून एक तार घेऊन हिशोबच करून पाहू.

सर्वांत बारीक तार घेऊ, ०.००९ इंच जाडीची. खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचा पाडलेल्या पट्टीवरून जातात ती नट. नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरची. ही तार ३३० हर्ट्झच्या ‘ई’ स्वराला लावायची तर तिच्यावर सुमारे ५९ न्यूटन, म्हणजे सहा किलो वजन टांगल्याइतका ताण द्यावा लागतो. पोलादाचा ताठपणा लक्षात घेतला तर या ताणाखाली तार जेमतेम ४.६ मिलिमीटर लांबलेली असते. तिचा सगळा सूर या साडेचार मिलिमीटरवर उभा आहे. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून स्वर एक सप्तक खाली न्यायचा तर ताण एक चतुर्थांश करावा लागतो. त्यासाठी ब्रिजने तारेला साडेतीन मिलिमीटर ढील दिली की पुरे. आणखी एक-सव्वा मिलिमीटर दिली की तार लोंबायला लागते.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू. ४.६ मिलिमीटरमध्ये सगळं सामावलेलं असेल तर ०.०५ मिलिमीटरची चूकसुद्धा मोठी ठरते. माणसाचा एखादा बारीक केस साधारण एवढ्याच जाडीचा असतो. तार तेवढी जरी घसरली तरी ताण एक टक्क्याहून थोडा अधिक बदलतो आणि स्वर सुमारे नऊ सेंटने हलतो. (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) नऊ सेंट ऐकायला थोडे वाटतात, पण तोच स्वर दुसऱ्या तारेवर बरोबर लावून दोन्ही एकत्र छेडले तर सेकंदाला जवळजवळ दोन वेळा आवाज कमी-जास्त होताना स्पष्ट ऐकू येतो. अनेक स्वर एकत्र वाजणारी कॉर्ड तर लगेच आंबट लागते.

साध्या गिटारवर तार एवढी कुठे घसरते? नटपाशी. नटच्या पलीकडे, खुंटीपर्यंत, तारेचा आणखी एक तुकडा असतो. खुंट्या बसवलेलं गिटारचं वरचं टोक म्हणजे हेडस्टॉक; सहाही खुंट्या एका रांगेत असलेल्या हेडस्टॉकवर या बारीक तारेचा तो तुकडा पंधराएक सेंटीमीटरचा होतो. तोही तितकाच ताणलेला असतो, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर लांबलेला. डाइव्ह करताना वाजणारी तार ढिली पडते, पण हा मागचा तुकडा अजून ताणात असतो. तो आखडतो आणि पुढची तार नटच्या खाचेतून आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सोडली की ही एक मिलिमीटर तार त्याच खाचेतून परत पुढे यायला हवी. खाचेत घर्षण असतं, हेडस्टॉकवर तार दाबून धरणारी चिमुकली आकडी असेल तर तिच्यावरही असतं. त्यामुळे शेवटचा बारीकसा हिस्सा मागेच अडकून राहतो. वर केलेल्या हिशोबात एक मिलिमीटरचा विसावा भाग अडकला तरी नऊ सेंट गेले!

यातली दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे. तार मागे अडकली म्हणजे पुढच्या वाजणाऱ्या भागात तार कमी उरली, म्हणून ती जास्त ताणली जाते. म्हणजे डाइव्हनंतर स्वर चढलेला येतो. सैल सोडलेली तार परत येताना चढी लागते हे ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण नट तार धरून ठेवतोय याची तीच खूण. त्या तारेला बोटाने एकदा जोरात बेंड दिला, म्हणजे ती बाजूला ओढली, की अडकलेला हिस्सा पुढे निसटतो आणि स्वर खाली येतो. जाड, गुंडाळी असलेल्या तारांच्या बाबतीत खुंटी फिरवताना नटमधून ‘टिंग’ असा आवाज येतो तोही याच अडकण्याचा. खुंटीवरच्या वेढ्यांचं वेगळंच असतं. ताण गेला की ते विसावतात आणि पुन्हा पूर्वीइतके घट्ट बसत नाहीत, त्यामुळे तिथून स्वर उतरतो. एकाच गिटारवर एक तार चढते आणि दुसरी उतरते ती अशी.

नटला ग्रॅफाइट लावून घर्षण कमी करायचे प्रयत्न खूप झाले. फ्लॉइड रोझ या अमेरिकन गिटारवादकाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच्या नेमकी उलट वाट धरली. तार सहज घसरू देण्याऐवजी ती घसरूच द्यायची नाही. तो दागिने घडवायचं काम करत होता, धातू कापण्या-घडवण्याचा हात होता, आणि पहिला पकड नट त्याने स्वतः पितळेचा बनवला. मऊ धातू झिजतो हे दिसल्यावर कठीण केलेलं पोलाद आलं. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन हा या यंत्रणेच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक, आणि १९८० च्या दशकातल्या हार्ड रॉकमध्ये ती सर्वदूर पसरली.

पकड दोन टोकांना आहे. नटवर तीन छोट्या पोलादी पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी ॲलन कीने आवळली की दोन तारा जागच्या जागी जखडल्या जातात. ब्रिजच्या बाजूला तारेच्या टोकाचा छोटा धातूचा गोळा कापून टाकायचा, उघडं टोक सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या, खाचेत घालायचं आणि लहानशा ठोकळ्याने दाबून आवळायचं. आता तारेचा जो भाग वाजतो तेवढीच तार शिल्लक राहिली. नटमागचा तो पंधरा सेंटीमीटरचा तुकडा आणि खुंटीवरचे वेढे अजून तिथेच दिसतात, पण त्यांचा सुराशी संबंध तुटला. ढील दिली आणि काढून घेतली, की तितकीच तार तितक्याच ताणावर परत.

नट आवळला की खुंट्या निकामी होतात, ही यातली अडचण. सुरुवातीच्या ब्रिजवर सूर किंचित हलला तर नट सोडून, जुळवून, पुन्हा आवळावा लागे. म्हणून पुढे ब्रिजवरच बारीक सूर जुळवणारे सहा स्क्रू आले, ते बोटांनी फिरतात. त्यांचा पल्ला थोडा असतो, म्हणून तारा बदलताना हे स्क्रू आधी मधोमध आणून ठेवायचे. मग खुंट्यांनी सूर लावायचा, प्रत्येक तार हाताने नीट ओढून तिची नवेपणाची ढील काढायची, पुन्हा सूर लावायचा आणि शेवटी नट आवळायचा. ओढण्याची पायरी गाळली तर हा तारा जखडणारा ब्रिजसुद्धा काही करू शकत नाही, कारण नवी तार दोन पकडींच्या मध्येच सैलावत राहते. आणखी एक बारीक गोष्ट: नट आवळताना स्वर चढत असेल तर तार नटच्या पृष्ठभागाला टेकलेली नाही, पट्टी तिला खाली दाबते आहे. हेडस्टॉकवर नटच्या मागे जी आडवी दांडी असते ती याचसाठी, तारा आधीच नटवर सपाट बसाव्यात म्हणून.

तारा जखडल्यावर हलणारी एकच जागा उरते: ब्रिजचा सांधा. ब्रिजच्या पुढच्या कडेला सुरीसारखी दोन धारदार टोकं असतात आणि ती लाकडात रोवलेल्या दोन खांबांच्या खाचेत टेकलेली असतात. टेकण्याची रेघ जितकी बारीक तितकं घर्षण कमी, आणि ब्रिज तितका नेमका त्याच जागी परत येतो. ही धार बोथट झाली की ब्रिज जागेवर येण्याआधीच अडखळतो. डाइव्हनंतर तो किंचित पुढे झुकलेलाच राहतो, म्हणून सगळ्या तारा उतरलेल्या लागतात. दांडी वर ओढून सोडली तर सगळ्या चढलेल्या. एकच तार बिघडली तर पकडीकडे पाहायचं, सगळ्या मिळून एकाच दिशेला सरकल्या तर धारेकडे किंवा लाकडात हलणाऱ्या खांबांकडे. तारा पूर्ण ताणात असताना खांब फिरवून ब्रिजची उंची बदलू नये, असं जाणकार बजावतात तेही या धारेच्या काळजीने; खांब फिरताना ती घासली जाते.

या रचनेत त्या दोन खांबांखेरीज ब्रिज कशालाही टेकलेला नसतो. बारीक संचातल्या सहा तारा मिळून ३८ किलोच्या आसपास ओढतात आणि स्प्रिंग त्यांना तोलून धरतात. त्यामुळे एक तार खाली लावली तरी बाकीच्या पाचांचा तोल बदलतो. एका तारेवर बेंड घेतला तर तिच्यासोबत वाजणारी दुसरी तार किंचित उतरते. वाजवताना एखादी तार तुटली तर स्प्रिंग ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. गाणं तिथेच थांबवावं लागतं. व्हॅन हेलनने स्वतःचा ब्रिज गिटारच्या अंगावर टेकवून ठेवला होता. तशा गिटारवर स्वर वर नेता येत नाही, फक्त खाली नेता येतो. पण तार तुटली तरी ब्रिजला मागे जायला जागाच नसते, आणि बाकीच्या तारा सुरात राहतात.