बिंदुभार चाचणी (पॉइंट लोड टेस्ट): मराठवाड्याच्या बेसाल्टमधील पायासाठी

बोअरमधून निघालेल्या खडकाच्या कोअरचा तुकडा दोन शंकूंच्या टोकांमध्ये धरून फोडण्याच्या आणि त्यासाठी लागलेल्या भारावरून खडकाचे सामर्थ्य अजमावण्याच्या पद्धतीला बिंदुभार चाचणी म्हणतात. साइटवर सगळे हिला 'पॉइंट लोड' म्हणतात. तिच्यातून येणाऱ्या निर्देशांकाला एका गुणकाने गुणून एकअक्षीय दाबसामर्थ्य (यूसीएस) काढतात. ते पायाच्या आराखड्यात वापरले जाते. या नोंदीत मुख्यतः त्या गुणकाचा विचार केला आहे, कारण मराठवाड्यातील पोकळ्यांच्या बेसाल्टमध्ये खरी चूक तिथेच होते.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हा थरांवर वसलेला आहे. नांदेडच्या पूर्व टोकाला मात्र ग्रॅनाइट आणि नाइस उघडे पडतात. लाव्हाचा एकेक प्रवाह खाली घट्ट काळा पाषाण असतो आणि माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र होत जातो. या पोकळ्या पुढे झिओलाइट आणि कॅल्साइटने भरतात. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या गेरूचा मऊ थर सापडतो. त्यामुळे एकाच बोअरमध्ये, चार-पाच मीटरच्या अंतरात, खडकाचे सामर्थ्य दहापटीने बदलू शकते.

यूसीएससाठी व्यासाच्या दुपटीहून लांब, अखंड आणि दोन्ही टोके घासून सपाट केलेला नमुना लागतो. सच्छिद्र, फुटक्या थरातून असे तुकडे मोजकेच मिळतात. पॉइंट लोडला मात्र बोटभर लांबीचा तुकडाही चालतो. यंत्राच्या शंकूचा कोन 60 अंश आणि टोकाची गोलाई 5 मिमी त्रिज्येची असते. कोअर आडवा धरून त्याच्या व्यासावर भार देतात. भाराच्या बिंदूपासून जवळच्या मोकळ्या टोकापर्यंत व्यासाच्या निम्म्याहून जास्त अंतर हवे. हातपंप सावकाश मारून तुकडा 10 ते 60 सेकंदांत फुटला पाहिजे. `P` म्हणजे फुटतानाचा भार आणि `D` कोअरचा व्यास धरून नंतरचा हिशेब असा:

```
Is     = P / D²
Is(50) = Is × (D/50)^0.45
UCS    = k × Is(50)
```

दुसरी ओळ लागते कारण जाड तुकडा पातळ तुकड्यापेक्षा कमी निर्देशांक देतो, म्हणून सगळी मोजमापे 50 मिमी व्यासावर आणावी लागतात. एनएक्स कोअर साधारण 54 मिमीचा असतो आणि त्याला ही दुरुस्ती जेमतेम साडेतीन टक्क्यांची पडते. मऊ खडकात शंकू आत रुतला तर `D²` ऐवजी `D × D'` घ्यावे. येथे `D'` म्हणजे फुटण्याच्या क्षणी दोन टोकांमध्ये उरलेले अंतर.

तुकडा फुटल्यावर तो हातात घेऊन पाहणे हा चाचणीचाच भाग आहे. भेग दोन्ही शंकूंच्या खुणांमधून गेली असेल तरच वाचन धरायचे. ती एकाच खुणेतून निघून बाजूला वळली असेल तर वाचन रद्द. फुटलेल्या पृष्ठावर पांढरा, चमकता कॅल्साइटचा पापुद्रा सलग दिसत असेल, तर जुनी भरलेली भेग उघडली आहे. तो आकडा खडकाचा नव्हे, त्या भेगेचा असतो, आणि त्याची नोंद वेगळी ठेवावी. यंत्राच्या डायलकडेही लक्ष हवे. 100 किलोन्यूटनच्या डायलवर 2 किलोन्यूटनचे वाचन म्हणजे जवळजवळ अंदाजच असतो, मऊ थरासाठी लहान पल्ल्याचा गेज बसवावा.

आता गुणक `k`. आंतरराष्ट्रीय खडक यांत्रिकी संघटनेच्या 1985 च्या पद्धतीत तो सरासरी 20 ते 25 सांगितला आहे आणि एकाच दिशेने कमकुवत असणाऱ्या खडकांत तो 15 ते 50 इतका हलतो, असेही तिथेच नमूद आहे. व्यवहारात 22 किंवा 24 घेऊन लोक मोकळे होतात. पण शंकूंच्या मध्ये खडक चिरडत नाही, ताणाने दुभंगतो. म्हणजे आपण ताणसामर्थ्याचे माप घेतो आणि त्यावरून दाबसामर्थ्य सांगतो. या दोहोंचे प्रमाण प्रत्येक खडकाचे निराळे असते. घट्ट पाषाणात ते ठरलेल्या पल्ल्याच्या आसपास राहते. सच्छिद्र खडकावर दाब आला की पोकळ्यांच्या भिंती आधी कोसळतात, दाबसामर्थ्य झपाट्याने घटते आणि `k` 20 च्या बराच खाली उतरू शकतो.

हिशेब समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील एका नदीवरच्या पुलाचा खांब झिजलेल्या, झिओलाइटभरल्या बेसाल्टवर टेकवायचा आहे. 54 मिमी कोअरच्या दहा तुकड्यांचे भार किलोन्यूटनमध्ये असे आले: 1.6, 1.9, 2.2, 2.3, 2.5, 2.6, 2.8, 2.9, 3.9, 5.1. प्रथेप्रमाणे वरचे दोन आणि खालचे दोन वगळले की उरलेल्या सहांची सरासरी 2.55 येते. `Is` = 2550 / 2916 = 0.87 आणि `Is(50)` साधारण 0.905 MPa. 22 ने गुणले तर यूसीएस 20 MPa. त्याच थरातून मोठ्या प्रयासाने तीन पूर्ण नमुने मिळाले आणि त्यांचे थेट यूसीएस 10, 11 आणि 12 MPa निघाले. म्हणजे या थराचा `k` सुमारे 12, पुस्तकी गुणकाच्या निम्म्याहून थोडा अधिक. `Is(50)` 1 MPa च्या खाली गेला की या चाचणीवर एकटीवर विसंबू नये, ते याचसाठी.

खडकावरील उथळ पायांच्या IS 12070 या भारतीय मानकात सुरक्षित दाब `qc × Nj` असा काढतात:

```
Nj = (3 + S/B) / (10 × √(1 + 300 δ/S))
```

`qc` म्हणजे खडकाचे यूसीएस, `S` म्हणजे सांध्यांतील अंतर, `δ` त्यांची फट आणि `B` पायाची रुंदी. `S` 0.4 मीटर, `δ` 8 मिमी, `B` 3 मीटर धरले तर `Nj` सुमारे 0.118 येतो. यूसीएस 20 धरल्यास सुरक्षित दाब 2.36 MPa, 11 धरल्यास 1.30. खांबाच्या पायाच्या काठावर 1.4 MPa येत असेल तर पहिल्या आकड्यावर आराखडा सहज पास होतो, दुसऱ्यावर होत नाही. तेव्हा पाया रुंद करावा किंवा दीड-दोन मीटर खाली घट्ट पाषाण असेल तर तिथपर्यंत खोदावे. मात्र त्या पाषाणाखाली गेरूचा थर नाही ना, हे बोअर आणखी खोल नेऊन पाहावे लागते, कारण `Nj` च्या सूत्राला खालच्या मऊ थराची कल्पनाच नसते.

घट्ट पाषाणात प्रश्न इतका टोकाचा नसतो. तिथे 21 किलोन्यूटनला फुटणारा तुकडा `Is(50)` सुमारे 7.5 MPa देतो. `k` 18 घ्या की 24, पायाला लागते त्यापेक्षा सामर्थ्य कितीतरी जास्त निघते आणि निर्णय सांध्यांवर व फटींवर जातो.

दोन गोष्टी मात्र दोन्ही खडकांत पाहाव्या लागतात. पहिली ओलावा: मे महिन्यात उघड्या पेटीत आठवडाभर पडलेला कोअर वाळून जातो आणि जास्त सामर्थ्य दाखवतो, पाया मात्र पावसाळ्यात पाण्याखाली असणार. म्हणून कोअर निघताच गुंडाळून ठेवावा, पुलासाठी तो भिजवून तपासावा आणि `k` ठरवणारे यूसीएस नमुनेही त्याच ओलाव्याचे असावेत. दुसरी, पेटीतली रिकामी जागा. जे मऊ होते ते पाण्याबरोबर वाहून गेले आणि चाचणीला आले ते टिकलेले तुकडे. कोअर रिकव्हरी 40 टक्के असलेल्या थराची सरासरी ही त्या 40 टक्क्यांची असते. अहवालात `Is(50)` शेजारी त्या थराची रिकव्हरी लिहिलेली नसेल, तर आराखडा करणाऱ्याने ती मागून घ्यावी.